कारण-परिणाम: जिथे धागाच नाही, तिथे काय लिहायचं?

*सर, मी पलूसची. बँकेच्या परीक्षेची तयारी करतेय. ‘अ मुळे ब’ असं सरळ असेल तर माझं उत्तर बरोबर येतं. पण स्वतंत्र कारणे, स्वतंत्र कारणांचे परिणाम आणि समान कारणाचे परिणाम या तिघांत दर वेळी घोटाळा होतो. परवाच्या सराव पेपरात होतं: ‘अ: जत तालुक्यातील अनेक गावांना टँकरने पाणीपुरवठा सुरू करण्यात आला. ब: शिराळा तालुक्यात भाताची रोपे वाहून गेली.’ मी समान कारण लिहिलं, पाऊस. उत्तर निघालं स्वतंत्र कारणांचे परिणाम. असं का? आणि दोन विधानांचा काही संबंधच नसेल तर नेमकं काय लिहायचं?*

तू ‘पाऊस’ लिहिलंस, त्याचं आधी पूर्ण वाक्य करून बघ. जतला टँकर का लागले? पाऊस पडला नाही म्हणून. शिराळ्यात रोपं का वाहून गेली? पाऊस फार पडला म्हणून. ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. ‘पाऊस’ हा दोन्ही विधानांचा विषय झाला. कारण म्हणजे काहीतरी घडलेलं असतं आणि ते क्रियापदासकट सांगावं लागतं. आपल्याच सांगली जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला सह्याद्रीचा पाऊस कोसळत असतो आणि पूर्व टोकाला लोक आभाळाकडे बघत असतात, हे तुला मी सांगायला नको. जिल्हा एक, हंगाम एक, विषय एक, तरी कारणं दोन. पेपर काढणाऱ्याने जोडी मुद्दाम तशी निवडली आहे.

माझ्या वर्गात दरवर्षी निम्म्याहून जास्त मुलं नेमकी इथेच अडकतात, म्हणून या एकाच ठिकाणी जरा थांबतो. ‘अ मुळे ब’ तुला येतं म्हणतेस, ते मी धरून चालतो. तिथेही एक खड्डा आहे, पण तो ओघात येईल.

या प्रश्नात बहुतेक वेळा पाच पर्याय असतात. अ कारण आणि ब परिणाम, ब कारण आणि अ परिणाम, दोन्ही स्वतंत्र कारणे, दोन्ही स्वतंत्र कारणांचे परिणाम, आणि दोन्ही एका समान कारणाचे परिणाम. त्यांचा क्रम पेपरागणिक बदलतो, म्हणून पर्यायाचा नंबर पाठ करू नकोस. त्यात ‘संबंध नाही’ असा पर्याय साधारणपणे नसतो, आणि तुझ्या शेवटच्या प्रश्नाची मेख तिथेच आहे. संबंध नसलेली जोडी दिसली की मुलं भांबावतात आणि संबंध नसल्याचं सांगणारा पर्याय शोधायला लागतात. तो नसतो. मग बिचारी ओढूनताणून एखादा संबंध तयार करतात. खरं म्हणजे संबंध नसलेली जोडी तिसऱ्या किंवा चौथ्या पर्यायात जाते. त्या दोघांतलं कोणतं, हे दोन विधानांतल्या नात्यावरून ठरतच नाही, कारण नातं नाहीच. ते ठरतं प्रत्येक विधान एकटं वाचून.

म्हणून मी मुलांना तीन पायऱ्या देतो आणि त्यांचा क्रम मोडू देत नाही. आधी बघायचं, एका विधानापासून दुसऱ्याकडे थेट बाण जातो का. जात असेल तर विषय संपला. नसेल, तर दोन्ही घडवून आणणारी एकच गोष्ट एका वाक्यात सांगता येते का ते बघायचं. तीही नसेल, तर विधानं सुटी करायची आणि प्रत्येकाचा स्वभाव तपासायचा: ते कारणासारखं लिहिलंय की परिणामासारखं.

क्रमाचा एवढा आग्रह का, ते आपल्या नदीवरूनच सांगतो. ही जोडी बघ.

अ: कोयना धरणाचे दरवाजे उचलून नदीपात्रातील विसर्ग वाढवण्यात आला.
ब: सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने इशारा पातळी ओलांडली.

कोयना कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि ते पाणी खाली सांगलीकडे येतं. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे सांगलीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. वर दरवाजे उचलले की खाली पाणी चढतं. उत्तर: अ कारण, ब परिणाम.

मागे एका मुलीने यावर हात वर केला. म्हणाली, ‘सर, पण दोन्ही गोष्टी पाणलोटातल्या पावसामुळेच झाल्या. पाऊस झाला म्हणून दरवाजे उचलले आणि पाऊस झाला म्हणूनच नदी चढली. मग समान कारण का नाही?’ तिचं म्हणणं खोटं नव्हतं. धरणाच्या खाली जो मोकळा पाणलोट आहे, त्याचंही पाणी कृष्णेत येतंच. पण असं मागे मागे जायला लागलं तर या जगातली प्रत्येक जोडी कुठे ना कुठे एकाच मुळाशी जाऊन मिळेल. मग पाचव्या पर्यायाशिवाय दुसरं उत्तरच उरणार नाही. म्हणून या प्रश्नप्रकारात रीत अशी आहे की दोन विधानांत थेट बाण असेल तर तोच धरायचा, त्यांच्या वरचं सामायिक मूळ शोधायला जायचं नाही. मूळ पुरुष एकच म्हणून बाप-लेकाला कुणी चुलतभाऊ म्हणत नाही.

आता फक्त ब बदलतो.

अ: कोयना धरणाचे दरवाजे उचलण्यात आले.
ब: त्याच दिवशी वारणा धरणाचेही दरवाजे उचलण्यात आले.

वारणा धरण म्हणजे आपण ज्याला चांदोली म्हणतो ते. नदी वेगळी, धरण वेगळं. वारणेचं पाणी हरिपूरला येऊन कृष्णेला मिळतं, म्हणजे दोन्ही धरणांच्या बरंच खाली. कोयनेचा दरवाजा उचलल्याने चांदोलीत थेंबभरही पाणी वाढत नाही आणि उलटही होत नाही. पहिली पायरी रिकामी गेली. दुसऱ्या पायरीवर एक वाक्य बसवून बघू: ‘सह्याद्रीच्या त्या पट्ट्यात सलग जोरदार पाऊस झाल्याने धरणांत येणारं पाणी वाढलं.’ या वाक्याने कोयनेचे दरवाजे का उचलले ते कळतं, चांदोलीचेही कळतं, आणि दिशाही दोन्हीकडे एकच आहे. म्हणून समान कारणाचे परिणाम.

जतच्या जोडीला तू हेच वाक्य लावून बघितलं असतंस तर ते तिथे बसलं नसतं. समान कारण लिहिण्याआधी ते वाक्य मनात पूर्ण उच्चारायचं, ‘...झाल्याने’ किंवा ‘...केल्याने’ असं संपवायचं आणि मग ते दोन्ही विधानांच्या पुढे लावून वाचायचं. दोन्हीकडे तेच वाक्य शब्द न बदलता चाललं पाहिजे. एकीकडे ‘जास्त’ आणि दुसरीकडे ‘कमी’ असं करावं लागलं, किंवा मधे ‘आणि शिवाय’ घालावं लागलं, की समान कारण गेलं.

पहिल्या पायरीवरचा जो खड्डा म्हणालो, तो मात्रेचा आहे. कोयनेच्याच विधानात समज असं लिहिलं असतं: ‘पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक पाणी नदीपात्रात सोडण्यात आलं.’ सातारा-सांगलीकडच्या वर्तमानपत्रांत पावसाळ्यात हे वाक्य हमखास येतं. एवढ्या पाण्याने आयर्विन पुलाजवळ नदी ४० फुटांवर जात नाही. मग थेट बाण तुटतो आणि आपण दुसऱ्या पायरीवर येतो: पाणलोटातल्या जोरदार पावसाने धरणातून पाणी सोडावं लागलं आणि नदीही चढली. तेव्हा मी समान कारण लिहीन. एरवी पेपर काढणारा इतक्या बारकाव्यात शिरत नाही, आणि क्युसेकची माहिती परीक्षार्थीला असेल असं धरतही नाही. पण विधानात ‘किरकोळ’, ‘एका गावात’, ‘दोन दिवसांपुरता’ असे शब्द आले तर ते मात्रेसाठीच आलेले असतात. एका गावातल्या किरकोळ गोष्टीने राज्यभराचा परिणाम होत नाही. कारणाच्या अंगात परिणामाएवढी ताकद आहे का, हे बघूनच बाण ओढायचा.

नदीची गोष्ट निघालीच आहे तर आणखी एक. सांगलीच्या पोरांना पुराच्या विधानावर खाली कर्नाटकातलं अलमट्टी धरण आठवतं. २०१९ चा पूर बघितलेल्यांना तर आठवणारच. पण पेपरात अलमट्टीचं नाव नसेल तर ते आपण आणायचं नाही, मग त्यावर आपलं मत काहीही असो. सर्वसाधारण माणसाला माहीत असलेली गोष्ट वापरायला हरकत नाही, जसं की पाणी वरून खाली येतं किंवा माल कमी आला की भाव चढतो. वाद असलेली गोष्ट वापरली की उत्तर आपल्या बाजूने झुकतं आणि ते झुकलंय हे आपल्याला कळतही नाही.

समान कारणाची आणखी एक जोडी देतो, कारण यात काळ महत्त्वाचा आहे.

अ: तासगाव परिसरात काढणीला आलेल्या द्राक्षांचे मणी तडकले.
ब: त्याच आठवड्यात शेडवर सुकत टाकलेला बेदाणा काळा पडला.

मुलं इथे ‘अ कारण, ब परिणाम’ लिहितात. त्यांच्या डोक्यात साखळी अशी असते की द्राक्षं खराब झाली म्हणून बेदाणा खराब झाला. कानाला बरं वाटतं. पण शेडवर जो माल आहे तो आधीच वेलीवरून उतरलेला आहे. या आठवड्यात वेलीवर तडकलेला मणी शेडवर गेलेलाच नाही. दोन माल वेगळे आहेत, फक्त पीक एक आहे. दोन्हींना गाठणारी गोष्ट म्हणजे अवकाळी पाऊस: वेलीवरच्या पिकल्या मण्यात पाणी भरून तो फुटतो आणि शेडवरचा अर्धवट सुकलेला माल ओल धरून रंग सोडतो. ‘फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाल्याने’ हे वाक्य दोन्हीकडे तसंच्या तसं बसतं. ‘त्याच आठवड्यात’ हे दोन शब्द नसते तर थोडा वाद घालता आला असता. ते शब्द वाचायचे राहिले तर पंचाईत.

काळाची दुसरी गंमत हळदीत आहे. ‘अ: मे महिन्यात हळदीचे दर चांगलेच वाढले. ब: यंदा शेतकऱ्यांनी हळदीची लागवड वाढवली.’ यात काहीजण ब ला कारण करतात, कारण त्यांनी अर्थशास्त्रात लागवड आणि दर यांचा संबंध वाचलेला असतो. संबंध खरा आहे, पण त्याची दिशा बघ. लागवड वाढली तर माल वाढतो आणि दर उतरतात, चढत नाहीत. शिवाय मे-जूनमध्ये लावलेली हळद बाजारात यायला पुढचं वर्ष उजाडतं. म्हणजे त्याच मे महिन्यातल्या दराशी तिचा काही संबंध नाही. उलट बाण मात्र सरळ जातो: दर चढलेले दिसले म्हणून लोकांनी बेणं जास्त लावलं. अ कारण, ब परिणाम. बाण ओढण्याआधी कारण खरंच आधी घडलंय का, हे तपासायला दोन सेकंद लागतात. आणि विधानांचा छापलेला क्रम हा घटनांचा क्रम नसतो, हे वेगळं सांगत नाही.

आता तिसरी पायरी, म्हणजे तुझ्या प्रश्नाचा खरा गाभा. बाण नाही, समान वाक्य नाही. विधानं सुटी झाली. आता एकेक विधान एकटं वाचायचं आणि ऐकायचं, की ते वाचल्यावर आपल्या तोंडून ‘का?’ निघतं की ‘मग?’ निघतं.

‘शहरातील खासगी रुग्णालयांत तापाचे रुग्ण वाढले.’ का? ‘मार्केट यार्डातील गुळाची आवक घटली.’ का? बदललेली स्थिती सांगणारी वाक्यं अशी असतात: वाढले, घटले, बंद पडले, कोसळले, रांगा लागल्या, वाहून गेली. यांच्या मागे काहीतरी घडून गेलेलं असतं आणि आपण ते विचारतो. ही परिणामाची वाक्यं.

‘नगरपालिकेने आठवडी बाजाराची जागा बदलली.’ मग? ‘रिझर्व्ह बँकेने रेपो दर कमी केला.’ मग काय झालं? निर्णय, आदेश, बंदी, सवलत, नवीन सुरुवात, नैसर्गिक आपत्ती ही पुढे काहीतरी घडवणारी वाक्यं असतात. ही कारणाची वाक्यं. दोन्ही विधानं ‘मग?’ची असतील तर स्वतंत्र कारणे. दोन्ही ‘का?’ची असतील तर स्वतंत्र कारणांचे परिणाम. तुझी जतची जोडी या कसोटीवर बघ. रोपे वाहून गेली, का? हे उघड आहे. टँकर सुरू करण्यात आले, हे मात्र निर्णयासारखं दिसतं. तरी तोंडून ‘का?’च निघतं, कारण टंचाई असल्याशिवाय टँकर कुणी हौसेने सुरू करत नाही. निर्णयाचं वाक्य दिसलं की डोळे मिटून कारण म्हणू नकोस, ते एवढ्यासाठी. संकटाला उत्तर म्हणून घेतलेला निर्णय हा परिणाम असतो. मदत, पंचनामे, टँकर, छावण्या, स्थलांतर हे सगळे याच वर्गातले. पुराच्या दिवसांत ‘सूर्यवंशी प्लॉटमधील कुटुंबांना हलवण्यात आलं’ हे प्रशासनाने केलेलं काम आहे, पण वाक्य परिणामाचंच.

स्वतंत्र कारणांची एक जोडी साताऱ्यातली घेऊ.

अ: कास पठारावर फुलांच्या हंगामात पर्यटकांच्या दैनंदिन संख्येवर मर्यादा घालण्यात आली.
ब: एसटीने महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत सुरू केली.

दुसरं विधान खरोखर घडलेलं आहे, ही सवलत मार्च २०२३ मध्ये सुरू झाली. दोन्ही निर्णय आहेत. मर्यादेमुळे सवलत नाही, सवलतीमुळे मर्यादा नाही. दोन्हींना पुरणारं एक वाक्यही मिळत नाही. ‘पर्यटन’ असं कुणीतरी वर्गात ओरडतंच, पण तो पुन्हा विषय झाला. दोन्हीकडे ‘मग?’ निघतं. तर दोन्ही स्वतंत्र कारणे.

आता ब मध्ये थोडा बदल करतो: ‘सातारा-महाबळेश्वर मार्गावरील एसटीतील महिला प्रवाशांची संख्या वाढली.’ आता हे ‘का?’चं वाक्य झालं. आणि त्याच्या शेजारी अ म्हणून सवलतीचं विधान ठेवलं असतं तर सरळ बाण लागला असता: तिकीट निम्म्याने स्वस्त, म्हणून प्रवासी वाढले. मधे काही गृहीत धरावं लागत नाही. पण ब जर असं असतं, ‘एसटीने यात्रेसाठी या मार्गावर जादा गाड्या सोडल्या’, तर सवलतीकडून येणारा बाण तुटला, कारण विधानाने स्वतःचं कारण स्वतःच्या पोटात आणलंय: यात्रेसाठी. पोटात कारण असलेलं विधान तुझ्यासाठी फार सोयीचं असतं. त्यात ‘...मुळे’, ‘...साठी’, ‘...च्या पार्श्वभूमीवर’ दिसलं की दोन गोष्टी एकदम कळतात. एक, ते परिणाम आहे. दोन, दुसरं विधान त्याचं कारण नाही, दुसरं विधान तेच कारण वेगळ्या शब्दांत सांगत असेल तेवढा अपवाद.

राहिला तो सगळ्यात अवघड प्रकार, ज्याबद्दल क्लासमध्ये कुणी फारसं बोलत नाही. दोन विधानांत संबंध नाही, एक ‘मग?’चं आहे आणि दुसरं ‘का?’चं. म्हणजे असं काहीतरी: ‘अ: कास पठारावर पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालण्यात आली. ब: सांगली बाजारात हळदीचे दर वाढले.’ एक सुटं कारण, एक सुटा परिणाम. पाच पर्यायांत याला घरच नाही. चांगला पेपर काढणारा अशी जोडी देत नाही, कारण त्यालाही ते माहीत असतं. सराव पुस्तकांत आणि टेस्ट सिरीजमध्ये मात्र ती येते.

मी अशा वेळी चौथा पर्याय धरतो, म्हणजे स्वतंत्र कारणांचे परिणाम. कारण साधं आहे. कोणताही निर्णय कशामुळे तरीच झालेला असतो, म्हणून कासच्या मर्यादेला मागचं एखादं कारण देऊन परिणाम म्हणून वाचणं फारसं जबरदस्तीचं होत नाही. गर्दी वाढली होती, एवढं म्हटलं की झालं. पण ‘दर वाढले’ हे वाक्य कारण म्हणून वाचायचं तर पुढचा परिणाम आपल्याला स्वतःच्या मनाने रचावा लागतो. कमी ओढाताण ज्या बाजूला, ते उत्तर. मी हे नियम म्हणून सांगत नाही, कारण काही उत्तरसूचींत अशाच जोडीला तिसरा पर्याय बरोबर धरलेला मी पाहिला आहे. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापणारी परीक्षा असेल, आणि तिसरा की चौथा यात तुला खरोखरच पन्नास-पन्नास वाटत असेल, तर गणिताने उत्तर लिहिणंच फायद्याचं पडतं: अर्ध्या वेळा एक गुण मिळतो आणि अर्ध्या वेळा पाव जातो. पाचही पर्याय डोळ्यांसमोर फिरत असतील तर सोडून दे.

एखाद्या पेपरात ‘यांपैकी नाही’ किंवा ‘परस्परसंबंध नाही’ असा पर्याय खरंच छापलेला असतो. तिथे हीच मिश्र जोडी त्या पर्यायात जाते. म्हणून प्रश्न सोडवण्याआधी सूचना आणि पर्याय वाचायचे, आधीच्या पेपरातले डोक्यात ठेवून उडी मारायची नाही. मी स्वतः परीक्षा देत होतो तेव्हा एकदा हेच केलं होतं. पर्यायांचा क्रम उलटा होता, मी जुन्या सवयीने नंबर काळे करत गेलो, आणि बाहेर आल्यावर मित्राशी उत्तरं ताडताना पाचच्या पाच प्रश्न गेल्याचं कळलं. विधानं सगळी बरोबर समजली होती, हे विशेष.

बँकेच्या मुख्य परीक्षेत हल्ली दुसराही प्रकार येतो: एक परिच्छेद किंवा एकच विधान देतात आणि खालच्या चार-पाच वाक्यांतलं संभाव्य कारण किंवा संभाव्य परिणाम कोणता ते विचारतात. तिथे तिसरी पायरी लागत नाही. बाकी सगळं तेच: कारण आधीचं हवं, मात्रा पुरेशी हवी, दिशा जुळायला हवी, आणि मधली कडी आपण गाळू नये.

कडीबद्दल शेवटचं सांगतो, कारण तुझ्यासारख्या मन लावून विचार करणाऱ्या मुलांचं तिथेच जास्त चुकतं. कोयनेतून विसर्ग वाढला आणि सूर्यवंशी प्लॉटमधली कुटुंबं हलवली, या दोघांच्या मधे एक कडी आहे: नदी चढली. ती एकच आहे आणि टाळता न येणारी आहे, म्हणून मी बाण मान्य करतो. कोयनेतून विसर्ग वाढला आणि सांगलीत भाजी महागली, यात नदी चढली, रस्ते बंद झाले, आवक थांबली, असा तीन कड्यांचा प्रवास आहे आणि प्रत्येक ठिकाणी ‘समजा’ म्हणावं लागतं. तिथे मी बाण ओढत नाही. एक कडी चालते, दुसऱ्या ‘समजा’ला थांबायचं.

आता घरी एक कर. परवाच्या त्याच सराव पेपरातल्या कारण-परिणामाच्या जोड्या पुन्हा काढ. उत्तरं झाकून प्रत्येक विधानापुढे पेन्सिलने फक्त ‘का’ किंवा ‘मग’ लिही, दोन विधानं एकमेकांशी न जोडता. मग जोड्या सोडव. ज्या जोडीत तुझं ‘का-मग’ बरोबर आहे पण उत्तर चुकलंय, तिथे तुझी अडचण पहिल्या दोन पायऱ्यांत आहे. ‘का-मग’च चुकलं असेल तर त्या विधानात टँकरसारखा एखादा शब्द लपलेला असणार. तो मला लिहून पाठव.